सबस्क्रिप्शन मोजणाऱ्या ॲपला बँकेचा ॲक्सेस द्यायचा का? आणि न देता सगळी वजावट कशी पकडायची

माझा आतेभाऊ निलेश मुलुंडला राहतो. मागच्या महिन्यात त्याचा रात्री फोन आला, "दादा, माझ्या खात्यातून ४९९ रुपये कुणीतरी उडवले." उडवले कुणीच नव्हते. त्याच्या लेकीने शाळेच्या प्रोजेक्टसाठी व्हिडिओ एडिटिंगचं एक ॲप घेतलं होतं, सात दिवसांचा ट्रायल २ रुपयात, आणि ते २ रुपये भरताना पिन निलेशनेच टाकला होता. त्या पिननेच पुढच्या ४९९ ची परवानगी दिली गेली हे त्याला कळलंच नाही, कारण स्क्रीनवर मोठ्या अक्षरात २ दिसतं आणि ४९९ खाली बारीक असतं.

मग चिडून त्याने काय केलं, तर सगळी सबस्क्रिप्शन शोधून देणारं एक ॲप टाकलं. त्या ॲपने आधी एसएमएस मागितले, मग जीमेल, मग "अजून अचूक माहितीसाठी बँक खातं जोडा" असं म्हणालं. तिथे तो थांबला आणि मला विचारलं की जोडू का. मी पेमेंटच्या लाइनमध्ये बरीच वर्षं हिशेब जुळवायचं काम केलंय, म्हणजे दिवसभर स्टेटमेंटच्या ओळी बघायच्या, त्यामुळे घरातले असले प्रश्न माझ्याकडेच येतात. रविवारी त्याच्याकडे जाऊन दोन तास बसलो आणि सगळं हाताने काढलं. ते कसं काढलं ते खाली लिहितोय, पण आधी त्या ॲक्सेसचं बोलू.

ॲप चांगलं की वाईट हे नंतर, आधी चावी कुठली मागतंय ते बघा

असली ॲप्स तुमच्या पैशांपर्यंत चार वाटांनी येतात आणि चारही वाटांचा धोका वेगवेगळा आहे. लोक म्हणतात "ॲपला बँकेचा ॲक्सेस दिला", पण नक्की काय दिलं हे बहुतेकांना सांगताच येत नाही.

पहिली वाट म्हणजे नेटबँकिंगचा युजर आयडी आणि पासवर्ड. अमेरिकेत कित्येक वर्षं असंच चालायचं, ॲप तुमच्या नावाने लॉगिन करायचं आणि पान वाचायचं. आपल्याकडे कुठलंही ॲप हे मागत असेल तर विषय तिथेच संपला, ॲप काढून टाका. नुसता चोरीचा प्रश्न नाहीये. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, फसवणूक झाली तर नुकसान कुणाचं ते त्यात ठरवलंय. चूक बँकेची नाही तुमचीही नाही, मधेच कुठेतरी गडबड झाली आणि तुम्ही तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर शून्य बोजा. पण तुम्ही स्वतः पासवर्ड वगैरे दुसऱ्याला दिला असेल तर तो तुमचा निष्काळजीपणा, आणि बँकेला कळवेपर्यंत जे काही जाईल ते सगळं तुमचं. म्हणजे ॲप कितीही प्रामाणिक असू दे, त्यांच्याकडून तो पासवर्ड फुटला तरी बँक तुम्हालाच विचारणार की तुम्ही दिलात कशाला.

दुसरी वाट एसएमएसची, आणि अँड्रॉइडवर हीच सगळ्यात जास्त वापरतात. ॲपचं म्हणणं असतं की आम्ही फक्त बँकेचे मेसेज वाचतो. त्यांनी ठरवलं तर तेवढेच वाचतील, पण फोनमधली परवानगी तशी नसते, "फक्त बँकेचे" असा पर्यायच नाही, दिली की सगळे एसएमएस दिले. त्यात ओटीपी आले. ओटीपी एकट्याने काही होत नाही हे खरं, पण कार्डचा नंबर आधीच कुठेतरी फुटलेला असेल तर मधे उरलेलं एकच कुलूप तो ओटीपी असतो. आयफोनवर ही वाट मुळात बंद आहे, तिथे कुठल्याही ॲपला तुमचा मेसेजचा डबा वाचता येत नाही, म्हणून आयफोनवर तीच ॲप्स मेल नाहीतर खातं मागतात. नोटिफिकेशन वाचायची परवानगी मागितली तर तीही जवळपास एसएमएससारखीच समजा, मेसेज आला की तो वर दिसतोच ना.

तिसरी वाट मेलची. मला विचाराल तर ही एसएमएसपेक्षा वाईट, आणि लोक इथेच सगळ्यात बिनधास्त Allow दाबतात. बिलाच्या पावत्या शोधायला म्हणून ॲप अख्खा मेलबॉक्स वाचायची परवानगी घेतं. तुमच्या मेलबॉक्समध्ये काय काय आहे आठवा. दर महिन्याचं बँकेचं आणि कार्डचं स्टेटमेंट, त्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे बहुतेक वेळा नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारीख, आणि तो पासवर्ड कसा बनतो हे त्याच मेलमध्ये समजावून लिहिलेलं असतं. शिवाय जवळजवळ प्रत्येक साइटचा पासवर्ड रिसेट तिथेच येतो. बरं, चोरी झाली नाही तरी धंदा होतोच. अमेरिकेत अनरोल डॉट मी नावाची सेवा होती, नको असलेले जाहिरातींचे मेल बंद करून द्यायची. लोकांना सांगितलं होतं की तुमच्या खासगी गोष्टींना आम्ही हात लावत नाही, आणि प्रत्यक्षात खरेदीच्या पावत्या मूळ कंपनीकडे जात होत्या, तिथून त्या बाजाराच्या अभ्यासाच्या धंद्यात विकल्या जात होत्या. २०१९ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यांच्यावर कारवाई केली. फुकट सेवा चालते कशावर, हा प्रश्न असल्या ॲपला आधी विचारायचा.

चौथी वाट अकाउंट ॲग्रिगेटर. ही आपल्याकडची अधिकृत वाट, रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये नियम केले आणि सप्टेंबर २०२१ पासून ती चालू आहे. यात तुम्ही पासवर्ड कुणालाच देत नाही. मधला ॲग्रिगेटर तुमच्या संमतीने बँकेकडून माहिती घेऊन मागणाऱ्याला पोचवतो, आणि माहिती कुलूपबंद जाते म्हणून मधल्याला ती वाचता येत नाही. मागणारी संस्थाही रिझर्व्ह बँक, सेबी, इर्डा किंवा पीएफआरडीए यांच्यापैकी कुणाच्या तरी देखरेखीखालचीच लागते. चारांत ही सगळ्यात बरी, यात वाद नाही. आणि यातून कुणी पैसे काढू शकत नाही, फक्त माहिती जाते.

पण फक्त माहिती म्हणजे काय हे एकदा नीट बघा. वर्षभराचं स्टेटमेंट म्हणजे पगार किती, कुठल्या डॉक्टरकडे जाता, गावाला आईला किती पाठवता, कुणाकडून उसने घेतलेत, सगळं. ४९९ चं एक सबस्क्रिप्शन शोधायला एवढं सगळं उघडायचं का, हा खरा हिशेब आहे.

तरी जोडायचंच असेल तर संमतीचं पान घाईत मंजूर करू नका, त्यावर पाच गोष्टी लिहिलेल्या असतात. माहिती कुणाला जाणार, आणि तिथे ॲपचंच नाव आहे की दुसऱ्याच कुठल्या तरी कंपनीचं. कशासाठी जाणार. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंतची जाणार. एकदाच घेणार की रोज पुन्हा पुन्हा येऊन घेणार, आणि ती संमती कधी संपणार. घेतलेली माहिती ते किती दिवस ठेवणार. यातलं काही तुम्हाला बदलता येत नाही, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. पण खातं कुठलं द्यायचं ते तुमच्या हातात असतं. तुमच्या मोबाइल नंबरवरची सगळी खाती दिसतात, तेव्हा सगळ्यांवर टिक करायची गरज नाही, जिथून वजावट होते तेवढंच एक द्या. संमती नंतर कधीही ॲग्रिगेटरच्या ॲपमध्ये जाऊन रद्द करता येते, फक्त रद्द केल्यावर पुढची माहिती जायची थांबते, आधी गेलेली तिकडे असते ती आपोआप परत येत नाही.

मुळात हे ॲप काय बघतं

निलेशने एसएमएसची परवानगी दिलेली होतीच, म्हणून त्या ॲपने काढलेली यादी आम्ही बघितली. पाच ओळी होत्या. ओटीटी १९९, गाण्यांचं ॲप ११९, क्लाउड स्टोरेज १३०, म्युच्युअल फंडाची एसआयपी ३,०००, आणि सोसायटीचा मेंटेनन्स २,८००. आता मेंटेनन्स तो दर महिन्याला स्वतः क्यूआर स्कॅन करून भरतो, पण महिन्याच्या त्याच आठवड्यात त्याच नावाला तेवढेच पैसे जातात म्हणून ॲपने ठरवलं की हे सबस्क्रिप्शन. आणि ज्या ४९९ मुळे हे सगळं रामायण झालं ते यादीत नव्हतंच, कारण ते एकदाच गेलेलं, पॅटर्न बनायला दुसरी वेळ यायला हवी.

इथेच खरी गोम आहे. ही ॲप्स गेलेल्या पैशांवरून अंदाज बांधतात. आणि तुम्हाला जाणून घ्यायचंय ते पुढे काय जाणार. त्याची यादी अंदाजाची नाही, नेमकी, आधीच तयार आहे, कारण आपल्याकडे खात्यातून आपोआप पैसे काढायचे तर आधी मॅंडेट लागतो, म्हणजे तुमच्या पिनने किंवा ओटीपीने दिलेली लेखी परवानगीच म्हणा. कार्डवर आणि यूपीआयवर हा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून पक्का लागू झाला. मॅंडेट नाही तर वजावट नाही. मग मॅंडेटच बघायचे की.

फक्त ते एका जागी नसतात, चार जागी विखुरलेले असतात, म्हणून लोक ॲप शोधतात. चार जागा फिरायला आम्हाला दोन तास लागले, त्यातला अर्धा तास निलेश नेटबँकिंगचा पासवर्ड आठवत होता.

पहिली जागा, यूपीआय ऑटोपे

तुमच्या यूपीआय ॲपमध्ये प्रोफाइलवर जा, तिथे Autopay किंवा तशा अर्थाचं काहीतरी असतं, त्यात चालू, थांबवलेले आणि संपलेले मॅंडेट दिसतात. फोनमध्ये दोन-तीन यूपीआय ॲप्स असतील तर प्रत्येकात बघा, कारण मॅंडेट ज्या ॲपमधून दिला तिथे असतो. दुसऱ्या ॲपचे मॅंडेटही दाखवायची सोय आता येतेय, तरी मी स्वतः प्रत्येक उघडूनच बघतो. आणि वापरत नाही म्हणून काढून टाकलेलं ॲप असेल तर ते परत टाकून बघा, ॲप काढलं म्हणून मॅंडेट मरत नाही.

निलेशच्या रोजच्या ॲपमध्ये तीन चालू निघाले. ओटीटीचा, व्हिडिओ एडिटिंगचा आणि लेकीच्या अभ्यासाच्या ॲपचा. त्या तिसऱ्यावर लिहिलं होतं Up to ₹5,000 आणि पुढे As presented. हे दोन शब्द नीट समजून घ्या. Up to म्हणजे एवढ्यापर्यंत कितीही. As presented म्हणजे महिन्याला एकदा वगैरे काही बंधन नाही, समोरचा मागेल तेव्हा. अभ्यासाच्या ॲपची फी २४९ होती आणि तीही मागच्या वर्षीच बंद केलेली, पण परवानगी मात्र ५,००० पर्यंत, कधीही, आणि ती २०४० च्या पुढच्या कुठल्या तरी तारखेपर्यंत. एक पैसा जात नव्हता म्हणून कुठल्याच एसएमएसमध्ये, कुठल्याच स्टेटमेंटमध्ये हे दिसणं शक्य नव्हतं. दार नुसतं उघडं होतं.

मग जुन्या ॲपमध्ये अजून एक सापडला, लॉकडाऊननंतर लावलेल्या जिमचा. जिम बंद पडून जमाना झाला.

रद्द करायला त्या मॅंडेटवर जाऊन Cancel किंवा Revoke, मग यूपीआय पिन. झाल्यावर स्क्रीनशॉट काढून ठेवा, त्यात मॅंडेटचा तो लांबलचक यूएमएन नंबर दिसला पाहिजे, नंतर भांडायची वेळ आली तर तोच लागतो. Pause पण असतं, पण नको असलेल्या गोष्टीला पॉज करून काय उपयोग, त्याची मुदत संपली की परत चालू.

दुसरी जागा, कार्ड

कार्डवरचे मॅंडेट बँकेच्या ॲपमध्ये किंवा नेटबँकिंगमध्ये कार्डच्या भागात सापडतात, नाव प्रत्येक बँकेचं वेगळं, कुठे Standing Instructions, कुठे E-mandate, कुठे Manage Recurring Payments. काही बँका तिथून दुसऱ्या कंपनीच्या पानावर नेतात आणि कार्डचा नंबर, ओटीपी विचारतात. ते खरं असू शकतं, पण तिथे बँकेच्या साइटवरून किंवा ॲपमधूनच जायचं, गुगलवर शोधून नाही. क्रेडिट आणि डेबिट दोन्ही कार्डांचं वेगवेगळं बघा.

निलेशकडे क्रेडिट कार्डवर क्लाउडचे १३० आणि एक अँटिव्हायरस, १,२९९ वर्षाला एकदा, ज्या लॅपटॉपसाठी घेतला होता तो लॅपटॉप भंगारवाल्याला देऊन झालाय. वर्षाला एकदा जाणारं ॲपला दिसत नाही कारण फोन नवा आहे आणि मागच्या वर्षीचे एसएमएस त्यात नाहीतच.

कार्डवर अजून एक बटण आहे ते फार कामाचं. जानेवारी २०२० च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे प्रत्येक कार्डचा ऑनलाइन वापर आणि परदेशी वापर वेगवेगळा चालू-बंद करता येतो, मर्यादाही घालता येते. परदेशी साइटवर काही घेत नसाल तर तो बंदच ठेवा. बऱ्याच बाहेरच्या साइट ओटीपी विचारत नाहीत, तिथे हे बंद बटणच तुमचा ओटीपी.

तिसरी जागा, NACH म्हणजे नाच, आणि बँकेत थेट दिलेले

एसआयपी, विमा, कर्जाचे हप्ते हे बहुतेक नाच मॅंडेटवर चालतात, पूर्वी ज्याला ईसीएस म्हणायचो त्याचाच पुढचा अवतार. स्टेटमेंटमध्ये ACH किंवा NACH असं दिसतं. नेटबँकिंगमध्ये Mandate शोधा, नाही सापडलं तर शाखेत विचारा, शाखेला दिसतं. निलेशची एसआयपी आणि टर्म इन्शुरन्स इथे होते आणि दोन्ही हवे होते, म्हणून हात लावला नाही.

आणि इथे जरा जपून. ओटीटीचा मॅंडेट तोडला तर फार तर सिनेमा बंद पडेल, पण विम्याचा तोडला तर पॉलिसी लॅप्स होईल, आणि कर्जाचा हप्ता परत गेला तर दंड, सिबिलवर डाग, आणि शिल्लक नाही म्हणून परत गेला तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली चेक बाउन्ससारखी केसही होऊ शकते. नावावरून कळलं नाही की हे कशाचं आहे तर आधी शोधा, मग तोडा.

चौथी जागा, प्ले स्टोअर आणि ॲप स्टोअर

यांच्यामार्फत घेतलेलं असेल तर बँकेकडे फक्त गुगल किंवा ॲपलचं नाव दिसतं, आत कुठलं ॲप ते दिसत नाही. प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइलवर Payments & subscriptions, आयफोनवर सेटिंगमध्ये स्वतःच्या नावावर टॅप करून Subscriptions. घरात जितके जीमेल आयडी तितक्या वेळा बघा, लेकीच्या टॅबवरचा वेगळा असतो. गाण्यांचे ११९ इथे सापडले.

स्टेटमेंटवर एक चाळणी

चार जागा झाल्या तरी एकदा वर्षभराचं स्टेटमेंट एक्सेलमध्ये उतरवून घ्या आणि स्वतःच्याच कॉम्प्युटरवर नाहीतर तुमच्या शीटमध्ये बघा. फुकटात स्टेटमेंट तपासून देणाऱ्या साइट असतात त्यांना अपलोड करू नका, नाहीतर एवढं सगळं टाळून शेवटी तेच केलं. गुगल शीटमध्ये पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात तपशील, तिसऱ्यात गेलेली रक्कम अशी ठेवून हा फॉर्म्युला बाजूच्या मोकळ्या रकान्यात टाका:

```
=FILTER(A2:C, REGEXMATCH(B2:B, "(?i)\b(ACH|NACH|SI|MANDATE|AUTOPAY)\b"))
```

त्यातले ते \b काढू नका. मी पहिल्यांदा न लावता टाकला होता तर ACH मुळे सगळे सचिन यादीत आले, आमच्या ऑफिसात तीन आहेत. उलट तुमची बँक शब्द जोडून लिहीत असेल तर काही ओळी सुटतील, म्हणून आधी माहीत असलेली एक वजावट, एसआयपी वगैरे, स्टेटमेंटमध्ये शोधून तुमची बँक कशी लिहिते ते बघा आणि तो शब्द फॉर्म्युल्यात घाला.

पुढे लक्ष ठेवायला ॲप नाही, एक एसएमएस पुरतो

नियम असा आहे की कार्ड किंवा यूपीआय मॅंडेटवरची वजावट व्हायच्या कमीत कमी २४ तास आधी तुम्हाला कळवलंच पाहिजे, कुणाला, किती, कधी ते सगळं लिहून. फास्टॅगच्या रिचार्जसारख्या मोजक्या गोष्टी यातून वगळल्यात. १५,००० रुपयांपर्यंत परत पिन किंवा ओटीपी मागत नाहीत, विमा, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाच्या बिलाला तर १ लाखापर्यंत, म्हणजे तो आधीचा मेसेज हीच तुमची एकमेव संधी. निलेशला ४९९ चा मेसेज आला होता, आदल्या दिवशी, आम्ही शोधून काढला. जाहिरातींच्या ढिगाऱ्यात पडलेला, वाचलाच नव्हता.

म्हणून आम्ही तीन गोष्टी केल्या. बँकेकडे नोंदवलेला मोबाइल नंबर आणि मेल आत्ताचाच आहे ना ते तपासलं, मेल जुन्या कंपनीचा निघाला तो बदलला. जीमेलमध्ये mandate, autopay, e-mandate या शब्दांचा फिल्टर लावून त्या मेलना वेगळं लेबल आणि तारा दिला. आणि दर महिन्याच्या ५ तारखेला फोनवर दहा मिनिटांचं रिमाइंडर, त्या दिवशी ऑटोपेचं पान आणि मेसेजमध्ये will be debited शोधायचं. मेसेजमध्ये रद्द करायची लिंक असते, खरीही असते, पण तशीच खोटी लिंक पाठवणारे पण आहेत, तर लिंक न दाबता बँकेचं ॲप स्वतः उघडून रद्द करा.

माझ्या मते याहून जास्त उपयोगी म्हणजे वेगळं खातं. घरात एखादं जुनं, मिनिमम बॅलन्सची कटकट नसलेलं खातं असतंच, त्यावर यूपीआय लावा आणि ओटीटी, गाणी, ट्रायल असले सगळे मॅंडेट तिथूनच द्या, आत महिन्याला लागतील तेवढेच पैसे. निलेशचे हवे असलेले १९९, १३० आणि ११९ मिळून ४४८ होतात, तो तिथे ६०० ठेवतो. एखाद्या As presented वाल्याने ५,००० मागितले तरी मिळणार काय? एसआयपी, विमा, हप्ते मात्र तिथे चुकूनही ठेवू नका, कारण ते परत गेले की दंड बसतो. आणि एखाद्या जोडणाऱ्या ॲपचा मोह झालाच तर अकाउंट ॲग्रिगेटरवर हे एकच खातं द्या, त्यात बघण्यासारखं काही नसतंच.

नवीन ट्रायल घेताना पिन टाकायच्या पानावर दहा सेकंद थांबा. आज कापली जाणारी रक्कम बघू नका, Up to च्या पुढची बघा, किती दिवसांनी ते बघा, कधी संपणार ते बघा. निलेशच्या लेकीला मी हे दाखवलं तर ती म्हणाली, "काका, पण हे एवढं बारीक कोण वाचणार?" तर आता तिचा ट्रायल असेल तर ती वाचून दाखवते, मग बाबा पिन टाकतात.

आधीच ॲक्सेस दिला असेल तर

ॲप नुसतं उडवू नका, क्रम महत्त्वाचा. आधी ॲपच्या आतून खातं आणि माहिती डिलीट करायची विनंती करा, ॲप गेल्यावर ते शोधत बसावं लागतं. मग फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपची एसएमएस आणि नोटिफिकेशन वाचायची परवानगी काढा. मग गुगल खात्यात myaccount.google.com/connections वर जाऊन तिथला त्याचा मेलचा ॲक्सेस काढा, कारण हा फोनवरचं ॲप काढल्याने जात नाही आणि इथेच सगळे फसतात. ॲग्रिगेटरची संमती असेल तर ती रद्द करा. मग ॲप काढा. नेटबँकिंगचा पासवर्ड दिला असेल तर हे सगळं नंतर, सगळ्यात आधी पासवर्ड बदला आणि बेनिफिशियरीच्या यादीत अनोळखी नाव नाही ना ते बघा.

पैसे खरंच तुमच्या परवानगीशिवाय गेले असतील तर त्याच दिवशी बँकेला कळवून तक्रार नंबर घ्या, ते तीन दिवस लक्षात आहेत ना, आणि १९३० या नंबरवर फोन करून किंवा cybercrime.gov.in वर नोंदवा. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. पण निलेशसारखं असेल, म्हणजे परवानगी आपणच दिली आणि विसरलो, तर ती फसवणूक होत नाही, तिथे ॲपवाल्याकडे रिफंड मागायचा. आणि लक्षात ठेवा, मॅंडेट तोडणं आणि सबस्क्रिप्शन बंद करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आधी ॲपमध्ये जाऊन सबस्क्रिप्शन बंद करा मग मॅंडेट, नाहीतर ते थकबाकीचे मेसेज पाठवत बसतात.

निलेशने रिफंडसाठी मेल केला, ट्रायल संपून दोनच दिवस झाले होते आणि लेकीने ॲप उघडलंही नव्हतं हे लिहून, यूएमएन नंबर आणि रद्द केल्याचा स्क्रीनशॉट जोडून. नवव्या दिवशी ४९९ परत आले. २ रुपये नाही आले.